काजू नाहीत, पेस्ट आहे फक्त

आमच्या कंपनीत कार्यक्रम ठरला की चार दिवस आधी एक फॉर्म येतो, आणि त्यात जेवणाच्या प्रश्नापुढे तीनच पर्याय असतात: व्हेज, नॉनव्हेज आणि जैन. पुण्यात नोकरी करून मला सोळा वर्षे झाली. या काळात कंपन्या बदलल्या, फॉर्म भरण्याची साधने बदलली, पण हे तीन पर्याय तसेच राहिले. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि मला शेंगदाणा, काजू व पिस्ता यांची अ‍ॅलर्जी आहे. तीनांपैकी कोणत्या गोलात खूण करायची, असा प्रश्न मला दर वेळी पडतो आणि दर वेळी मी ‘व्हेज’वर खूण करून घरून डबा नेते. गेल्या वर्षी मात्र मी मनुष्यबळ विभागाला, म्हणजे आमच्या भाषेत एचआरला, एक ईमेल लिहिली. ती लिहायला मला दीड दिवस लागला. एवढ्याशा मजकुराला इतका वेळ का लागावा, हे सांगायचे तर आधी स्वयंपाकघरात शिरावे लागेल.

बाहेरच्या माणसाला वाटते की शाकाहारी जेवणात अ‍ॅलर्जीची भीती कमी असणार. मासे नाहीत, कोळंबी नाही, अंडे नाही, मग भ्यायचे कशाला? सुकामेव्याच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. समारंभाच्या जेवणात तंदुरी कोंबडीला दही आणि मसाला पुरतो. दाटपणा आणि श्रीमंती दाखवायची जबाबदारी येते ती पनीरवर, कोफ्त्यावर, नवरत्न कोर्म्यावर, आणि ती पार पाडतो काजू. केटररकडे पन्नास भाज्या पन्नास पद्धतींनी शिजत नाहीत. सकाळीच मोठ्या पातेल्यांत दोन-तीन प्रकारच्या ग्रेव्ह्या तयार होतात: लाल, पांढरी, पिवळी. पांढरीत उकडलेला कांदा, काजू आणि मगज म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया वाटलेल्या असतात. लालमध्ये टोमॅटोचा आंबटपणा मोडायला बहुतेक वेळा थोडी काजूची पेस्ट जातेच. मग दुपारी याच पातेल्यांतून डाव भरभरून कढईत ओतले जातात आणि फलकावर सात निरनिराळी नावे लागतात. जैन पर्याय घेतला तर आणखी गंमत, कारण कांदा गेला की ग्रेव्हीला अंग यायला काजू-मगजाचे प्रमाण वाढवावे लागते. ज्या सहकाऱ्यांनी मला मायेने ‘तू जैन सांगत जा ना, त्यात काहीच नसतं’ असा सल्ला दिला, त्यांना हे ठाऊक नव्हते. मलाही पहिली काही वर्षे नव्हते.

ही झाली हॉटेलच्या पद्धतीच्या जेवणाची कथा. ‘अस्सल महाराष्ट्रीय थाळी’ ठेवली तर काजूच्या जागी दाण्याचे कूट येते. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, मिसळीवरचा फरसाण, वडापावाची सुकी लसणीची चटणी यांतल्या एकाही पदार्थाच्या नावात शेंगदाणा नाही आणि सगळ्यांत तो आहे. माझ्या आईने घरातले कूट बंद केले तेव्हा तिला स्वयंपाक पुन्हा शिकल्यासारखे वाटले होते. वाढपी विचारल्यावर खोटे बोलत नाही. कूट ही घालायची वस्तू आहे, हे त्याच्या मनातच येत नाही. मीठ घातले का, असे कोणी विचारत नाही, तसेच हे.

आता ज्या दिवसामुळे ईमेल लिहिली, त्या दिवसाबद्दल. दिवाळीच्या आधीचे स्नेहभोजन होते, कंपनीच्याच आवारात मांडव घातला होता. त्या दिवशी डबा न्यायचा राहिला, कारण सकाळी लवकर एक बैठक लागली. मी बुफेच्या टेबलापाशी गेले, पनीर आणि कोफ्त्याकडे पाहिलेही नाही, मिक्स व्हेजसमोर उभी राहून वाढणाऱ्या मुलाला विचारले, ‘यात काजू आहेत का?’ त्याने पळीने भाजी खालीवर करून दाखवली आणि म्हणाला, ‘नाही मॅडम, बघा.’ मी बघितले. गाजर, फरसबी, मटार, फ्लॉवर. दोन चमचे घेतले आणि पोळीबरोबर चार घास खाल्ले.

पहिल्यांदा टाळूला खाज सुटते. ती साधी खाज नसते, जिभेने टाळू खरवडावीशी वाटते. मग ओठ जड होतात, मानेवर गांधी उठतात. इथवर मी पूर्वीही येऊन परत गेलेली होते, पण त्या दिवशी दहा मिनिटांत आवाज घोगरा झाला आणि छातीत घट्ट वाटू लागले. म्हणजे प्रकरण त्वचेपुरते राहिले नव्हते. अशा वेळी सिट्रिझिनची गोळी घेऊन वाट पाहणे ही सगळ्यांत धोक्याची चूक, कारण ती गोळी खाज कमी करते, घसा उघडत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रेनलिनच लागते, आणि तेही लवकर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. परदेशात यासाठी टोचायचे तयार पेन मिळते, ते आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्या डॉक्टरांनी मला एक एम्प्यूल आणि सिरिंज जवळ बाळगायला सांगून ती भरायची कशी हे दोनदा करून दाखवले होते. थरथरत्या हाताने काचेची मान मोडणे आणि अर्धा मिलिलिटर मोजून घेणे किती अवघड असते, हे मी सांगत बसत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीने मला खुर्चीवरून उठवून फिरवायला सुरुवात केली, ‘मोकळ्या हवेत चल’ म्हणून. तिची भावना चांगली होती, पण अशा वेळी माणसाला उभे करायचे नसते, रक्तदाब अचानक उतरू शकतो; आडवे करून पाय उंच ठेवायचे असतात, आणि श्वास लागत असेल तर टेकून बसवायचे. इंजेक्शनने पंधरा मिनिटांत बरे वाटले, तरी रात्र दवाखान्यात काढावी लागली, कारण लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.

तिसऱ्या दिवशी एचआरमधल्या मुलीने केटररच्या आचाऱ्याला फोन लावला. मी समोर बसले होते, फोन स्पीकरवर होता. आचारी मनापासून घाबरलेला होता आणि मनापासून खरे बोलत होता. तो म्हणाला, ‘मॅडम, काजू नव्हतेच भाजीत. पेस्ट आहे फक्त.’

हे वाक्य ऐकून एचआरमधली मुलगी माझ्याकडे पाहू लागली आणि मला हसू आले. त्याला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आपण ‘काजू’ म्हणतो तेव्हा तो अर्धचंद्राकृती तुकडा म्हणतो, वाटलेले काजू म्हणजे ‘पेस्ट’, वरून भुरभुरवलेले म्हणजे ‘गार्निश’, बटरस्कॉच केकमधले कुरकुरीत म्हणजे ‘प्रालीन’. पदार्थाचे रूप बदलले की त्याचे नाव बदलते, आणि माझे शरीर मात्र नाव पाहत नाही, प्रथिन पाहते. ते प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर भाजल्यामुळे ते अधिकच त्रासदायक ठरते. मी विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, आणि हेच मला ईमेलमध्ये नेमके करायचे होते.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची चाचणी करण्याची आहे. दोष सापडला की तो कसा नोंदवायचा याची आम्हाला सवय असते: काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. ‘हे नीट चालत नाही’ असे लिहिलेली नोंद आमच्याकडे त्याच दिवशी परत येते. तरीही माझ्या ईमेलचा पहिला मसुदा मी एखाद्या गुन्हेगारासारखा लिहिला होता. ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ तीनदा, ‘शक्य असल्यास’ चारदा, आणि मागणी काय, तर ‘कृपया माझ्या आहाराची दखल घ्यावी’. अशा ईमेलला जे उत्तर येते तेही मला पाठ होते: ‘नक्कीच, आम्ही काळजी घेऊ.’ मग कार्यक्रमाच्या दिवशी काळजी म्हणून सॅलडची एक बशी येते, आणि ती बशी ज्या टेबलावर कापली गेली त्याच टेबलावर आधी कोशिंबिरीचे कूट सांडलेले असते.

दुसरा मसुदा रागात लिहिला, तो सांगण्यासारखा नाही. तिसऱ्या मसुद्याच्या वेळी मी स्वतःला विचारले की ही ईमेल वाचणारी मुलगी पुढच्या अर्ध्या तासात काय करणार आहे. ती केटररला फोन करणार आहे. मग तिला फोनवर बोलता येतील अशी वाक्ये द्यायला हवीत. आमच्याकडे ईमेल इंग्रजीतच जाते. तिचा मुख्य भाग मराठीत सांगायचा तर असा होता:

‘मला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता यांची वैद्यकीय चाचणीने निदान झालेली अ‍ॅलर्जी आहे. ही आवडनिवड किंवा पथ्य नाही. थोड्याशा प्रमाणातही मला रुग्णालयात जावे लागू शकते. याशिवाय मी शाकाहारी असून अंडे खात नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि एकीची सोय केल्याने दुसरीची होत नाही, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे विचारात घ्याव्यात ही विनंती.

‘कार्यक्रमात इतरांसाठी काजू-शेंगदाणे ठेवू नयेत, असे मी सुचवत नाही. मला एका ताटापुरते जेवण हवे आहे: साधे वरण, भात, पोळी आणि बटाट्याची किंवा मटकीची कोरडी भाजी, जी ग्रेव्ह्या वाटण्याच्या आधी, धुतलेल्या भांड्यात शिजवून, झाकण असलेल्या वेगळ्या डब्यात, माझ्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला काढली जाईल. बुफेच्या टेबलावर ती ठेवू नये, कारण तिथे पळ्या एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जातात.

‘केटररला कृपया “काजू आहेत का” असे विचारू नये. त्याऐवजी “ग्रेव्हीत, वाटणात, चटणीत, तेलात किंवा वरून काजू, शेंगदाणा, पिस्ता, बदाम, त्यांची पेस्ट किंवा कूट आहे का” असे विचारावे, आणि तळणासाठी घाण्याचे शेंगदाणा तेल वापरतात का, हेही विचारावे. नारळ, तीळ आणि डाळी मला चालतात.’

यातली काही वाक्ये मी का घातली, हे ईमेलमध्ये लिहिले नाही, इथे लिहिते. बदाम खरे तर मला चालतो. घरी मी खाते. पण केटररच्या कोठारात बदामाचे काप, पिस्त्याचे काप आणि काजूचे तुकडे शेजारशेजारच्या डब्यांत असतात आणि चमचा एकच असतो, म्हणून बाहेर मी सगळ्यालाच नाही म्हणते. नारळाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ‘नट’ हा शब्द इंग्रजीत ‘कोकोनट’मध्येही आहे, आणि एकदा एका उत्साही व्यवस्थापकाने माझ्या ताटातून खोबरे घातलेली भाजी काढून त्या जागी पनीर माखनी वाढली होती. डाळींचा उल्लेखही त्याच कारणाने: शेंगदाणा वनस्पतिशास्त्राप्रमाणे हरभऱ्याच्या आणि तुरीच्या कुळातला आहे, झाडावरच्या सुक्या मेव्याशी त्याचे काही नाते नाही, आणि हे कुठेतरी वाचून आलेला माणूस मला वरणही देत नाही. काजूचे खरे नातेवाईक आहेत पिस्ता आणि श्रीखंडावरची चारोळी. आंबाही त्याच कुळातला, पण आंबा देवाच्या दयेने मला चालतो. चारोळीच्या वाटेला मी जात नाही. तेलाचे असे की चांगल्या प्रकारे शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात उरते, आणि हल्ली ‘आम्ही लाकडी घाण्याचेच तेल वापरतो’ हे केटरर अभिमानाने सांगतात.

अंड्याचा खुलासा करणे मला आधी अनावश्यक वाटले होते, कारण आपल्या देशात अंडे असलेल्या बंद पाकिटावर मांसाहाराचीच तपकिरी खूण असते. पण वाढदिवसाच्या केकवर खूण नसते. एगलेस केक मागवला की तो हमखास बटरस्कॉच निघतो, आणि त्यात साखरेत घोळलेले काजूचे कण असतात, म्हणजे एका अटीतून सुटावे तर दुसरीत अडकावे. माझ्या संपूर्ण ईमेलचा गाभा हाच होता, असे आता वाटते. शाकाहारी आणि सुकामेवाविरहित या दोन मागण्या ऐकणाऱ्याच्या मनात ‘काहीतरी स्पेशल’ या एकाच खणात जाऊन पडतात, आणि प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

ईमेलच्या शेवटी दोन विनंत्या होत्या. एक, कार्यक्रमाच्या ठिकाणी माझ्या डब्याबद्दल ठाऊक असलेली एकच व्यक्ती नेमावी आणि तिचे नाव मला आदल्या दिवशी कळवावे. सगळ्यांना सांगितले की कोणीच जबाबदार राहत नाही. दुसरी, आमच्या आवारातल्या प्राथमिक उपचारांच्या खोलीत अ‍ॅड्रेनलिन ठेवावे, ते देता येणारी परिचारिका कार्यक्रमाच्या वेळी हजर असावी, आणि कार्यक्रम बाहेर असेल तर जवळचे रुग्णालय कोणते हे आधीच पाहून ठेवावे. एक तिसरीही होती, ती मी पाठवायच्या आधी खोडून पुन्हा लिहिली: माझ्या अ‍ॅलर्जीची घोषणा माइकवरून करू नये.

उत्तर दोन दिवसांनी आले आणि ते ‘आम्ही काळजी घेऊ’ असे नव्हते. त्या मुलीने तीन प्रश्न विचारले होते, तिन्ही चांगले. एक डॉक्टरांच्या पत्राबद्दल होता; ते मी दिले. दुसरा होता, हवेतून त्रास होतो का, म्हणजे शेजारी कोणी शेंगदाणे खात असेल तर? नुसत्या वासाने मला काही होत नाही, खाल्ले किंवा खाल्लेल्या हाताने माझ्या ताटाला स्पर्श केला तर होते, असे मी कळवले. तिसरा प्रश्न वाचून मला तिचे कौतुक वाटले: बुफेच्या सुरुवातीला सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्या तर पुरेल का? पुरत नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून काढत नाही. त्यासाठी साबण आणि वाहते पाणीच लागते. माझे ताट भरणाऱ्या माणसाने साबणाने हात धुवावेत, एवढेच मी लिहिले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पुढचा कार्यक्रम एका मोठ्या हॉटेलात होता आणि तिथल्या व्यवस्थापकाने लेखी कळवले की त्यांचे स्वयंपाकघर सामायिक असल्याने ते कशाचीही हमी देऊ शकत नाहीत. एचआरमधल्या मुलीला ते उद्धट वाटले. मला ते प्रामाणिक वाटले, आणि त्या दिवशी मी घरचा डबा नेला. हॉटेलने डबा आत नेऊ देण्याची परवानगी मात्र तिनेच आधी मिळवून ठेवली होती, नाहीतर दारातच ‘बाहेरचे अन्न आणू नये’ या पाटीखाली उभे राहून पुन्हा सगळी कहाणी सांगावी लागली असती. फॉर्ममध्ये आता चौथा पर्याय आला आहे: ‘अन्नाची अ‍ॅलर्जी असल्यास इथे लिहा’. पहिल्याच वेळी त्या रकान्यात माझ्याशिवाय आणखी सहा जणांनी लिहिले, असे तिने मला सांगितले. नावे तिने सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत. कोणीतरी त्या रकान्यात ‘सोमवारची अ‍ॅलर्जी’ असेही लिहिले होते. ते कोण, हे मात्र सगळ्यांना कळले.

यंदाच्या संक्रांतीला पुन्हा आवारातच जेवण होते आणि केटरर तोच होता, दिवाळीचा. तिळगूळ मी घरूनच केला होता, कारण बाहेरच्या लाडवात कूट असतेच. आचारी स्वतः स्टीलचा डबा घेऊन आला. झाकणावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने माझे नाव आणि खाली ‘दाणे-काजू-पेस्ट नाही’. पेस्ट हा शब्द त्याने दोनदा अधोरेखित केला होता. मी झाकण उघडले. वरण, भात, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि एका वाटीत कोशिंबीर, जी मी मागितली नव्हती. माझा हात थांबलेला पाहून तो घाईने म्हणाला, ‘ताई, कूट नाही. खोबरं घातलंय, घरून किसून आणलं.’

मी जेवत असताना तो थोडा वेळ बाजूला उभा राहिला, मग न राहवून म्हणाला, ‘एक विचारू? तुम्ही उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत काय घालता? कूट नाही घातलं तर गोळा नाही का होत?’

होतो. कूट खिचडीतला ओलावा ओढून घेते, म्हणून दाणा मोकळा राहतो. मी त्याला सांगितले की साबुदाणा कमी पाण्यात भिजवायचा, नंतर अर्धा तास कापडावर पसरून ठेवायचा, आणि कुटाऐवजी सुके खोबरे किसून, मंद आचेवर तांबूस भाजून, हाताने चुरून घालायचे. त्याने कानामागचे पेन काढले आणि तळहातावर लिहू लागला. ‘किती खोबरं?’ त्याने विचारले. ‘एक किलो साबुदाण्याला?’

मी आयुष्यात एक किलो साबुदाणा भिजवलेला नाही, असे त्याला सांगितले. मग आम्ही दोघांनी वाटीच्या मापावरून हिशोब करायला घेतला.